चष्म्याची किंमत : अधिक पैसा कोठे द्यावा?

समजा, कुंभकोणम्‌नजीकच्या गोविंदपुरम् येथील एका विद्यार्थ्यास फळ्यावरील अक्षरे दिसेनाशी झाली आणि तपासणीअंती त्याच्या दोन्ही डोळ्यांचा अंक उणे ६ ठरला. कुंभकोणम्‌च्या दुकानात त्याच्यापुढे तीन महाग वस्तू ठेवल्या जातात : पातळ भिंग, भिंगावरील लेप आणि नामांकित कारखान्याची चौकट. यांपैकी कशासाठी अधिक पैसा द्यावा?

प्रथम भिंगाचा विचार करू. उणे अंकाचे भिंग मध्यभागी पातळ व कडेस जाड असते. साध्या प्लास्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.५० असतो. अपवर्तनांक अधिक असलेला पदार्थ प्रकाशास अधिक वळवितो. म्हणून त्याच्या भिंगास कमी बाक पुरतो व कड पातळ होते. ५० मिलिमीटर व्यासाच्या साध्या भिंगाची कड मध्यापेक्षा सुमारे ३.८ मिलिमीटरने जाड भरेल. अपवर्तनांक १.६७ असेल, तर हाच फरक २.८ मिलिमीटर होईल. परंतु त्याच विद्यार्थ्याने ४४ मिलिमीटर व्यासाचे भिंग बसणारी लहान चौकट निवडली, तर साध्या भिंगातही हा फरक २.९ मिलिमीटरवर येतो. म्हणजे महाग भिंगाचा बहुतेक लाभ केवळ चौकटीच्या निवडीने मिळाला. अंक उणे दीड असता महाग भिंगाने जाडीत पाव मिलिमीटरही वाचत नाही. तेथे तो खर्च व्यर्थ होय.

आता लेप पाहू. साध्या भिंगाच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो, १.६७ च्या भिंगावरून सुमारे १२ टक्के. म्हणून पातळ भिंग घेणाऱ्याने परावर्तनरोधक लेपासाठी पैसा देणे योग्य आहे. रात्री दिव्यांची प्रतिबिंबे त्यामुळे बरीच कमी होतात. निळा प्रकाश अडविणाऱ्या लेपाची गोष्ट निराळी आहे. कॉक्रेन संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला. संगणकापुढे बसून येणारा डोळ्यांचा शीण अशा भिंगांनी अल्पकाळात कमी होतो, असे त्यात आढळले नाही.

चौकटीवरील नावाने दृष्टीत भर पडत नाही. ती नाकावर स्थिर बसावी, तिच्या बिजागऱ्या मजबूत असाव्यात, एवढे पुरे. मात्र प्रत्येक भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आलाच पाहिजे. या विद्यार्थ्याच्या भिंगाचा मध्य ३ मिलिमीटरने सरकला, तर समोरून येणारा किरण एक मीटर अंतरावर १.८ सेंटिमीटर ढळेल. दोन्ही डोळ्यांत असे झाल्यास एकच प्रतिमा राखण्यासाठी डोळ्यांच्या स्नायूंना सतत ताण पडतो. डोके दुखू लागते. यास्तव दोन्ही बाहुल्यांमधील अंतर मोजल्यावाचून भिंग बसविणारे दुकान स्वस्त असले तरी टाळावे, आणि तयार चष्म्याचा अंक व मध्य दुकानातील मापकयंत्रावर तपासून घ्यावा.