ओळख मागावी, पण भीड घालू नये

आमच्या ऑफिसात साडेचारला चहा येतो. काही वर्षांपूर्वी अशाच चहाच्या वेळी, आजूबाजूला चार जण उभे असताना, मी एका सहकाऱ्यांना म्हटलं, "तुमचे जुने साहेब आता त्या चार्जर बनवणाऱ्या कंपनीत आहेत ना? माझी ओळख करून द्या की जरा." ते लगेच म्हणाले, "हो हो, देतो ना, त्यात काय!" पुढचे तीन आठवडे ते चहाला आलेच नाहीत. जिन्यात मी समोर दिसलो की त्यांना हमखास कुणाचा तरी फोन यायचा. नंतर कळलं की कंपनी सोडताना त्यांचं त्या साहेबांशी चांगलंच बिनसलं होतं. आता हे ते मला चार लोकांत कसं सांगणार होते?

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. भिडेखातर दिलेला होकार कुणाच्याच कामाचा नसतो. देणारा टाळत राहतो आणि मागणारा वाट बघत बसतो.

खरं तर ओळखीसाठी सहकारी हा फार योग्य माणूस. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली मांडलं, की नव्या संधींची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखींतून जास्त येते. कारण साधं आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं, ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. सहकाऱ्याचे जुने साहेब, कॉलेजातले मित्र, आधीच्या कंपनीतली माणसं हे आपल्याला न दिसणारं जग. पण त्या जगात तो माणूस आपलं नाव घेतो तेव्हा स्वतःची पत मध्ये घालतो. 'शब्द टाकणं' म्हणतात ते हेच. ती पत कुठे किती शिल्लक आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. म्हणून नकाराचं कारण त्याच्याकडे असू शकतं आणि ते आपल्याला सांगण्यासारखं नसू शकतं.

अडचण अशी, की तोंडावर नाही म्हणणं माणसाला जमत नाही. रोगानिझाद आणि बॉन्स या दोन संशोधकांचा 2017 सालचा एक प्रयोग आहे. अनोळखी लोकांना एक प्रश्नावली भरून द्यायची विनंती काहींनी समोर जाऊन केली, काहींनी ईमेलने. समोरासमोरची विनंती 34 पट यशस्वी ठरली. विक्रीच्या धंद्यातले लोक यावरून 'प्रत्यक्ष भेटा' असा धडा घेतील. मी तो उलटा वाचतो: समोर उभं राहून विचारलं की नकाराची वाट जवळजवळ बुजते. म्हणून ओळख मागायची तर लिहून मागावी. होकार कमी येतील, पण जे येतील ते खरे असतील.

यावर कुणी म्हणेल, तोंडीच विचारावं आणि शेवटी 'जमत नसेल तर राहू दे' असं म्हणावं. इथे एक गंमत आहे. फ्रान्समध्ये गेगाँ आणि पास्कल यांनी 2000 साली रस्त्यावरच्या लोकांकडे बसभाड्यासाठी सुटे पैसे मागून पाहिले. नुसते मागितले तेव्हा दहातल्या एकाने दिले. 'द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा' एवढं जोडल्यावर जवळपास निम्म्यांनी दिले. म्हणजे मोकळीक देणारं वाक्यसुद्धा होकार काढून घेतं! नुसत्या वाक्याने कुणी मोकळं होत नाही. वाक्य बोलून आपण तिथेच उत्तराची वाट बघत उभे राहिलो, तर भीड होती तेवढीच राहते.

पुढच्या खेपेला मी दुसऱ्या एका सहकारी बाईंना विचारलं, तेव्हा असा मेसेज केला होता:

"नमस्कार मॅडम. तुमच्या आधीच्या कंपनीतले टेस्टिंगचे मॅनेजर आता चार्जरच्या क्षेत्रात आहेत, असं तुमच्या बोलण्यात आलं होतं. ते काम कसं असतं हे समजून घ्यायला त्यांच्याशी फोनवर पंधरा मिनिटं बोलायची इच्छा आहे. नोकरी मागायची नाही. तुमचा आता तेवढा संपर्क नसेल किंवा यात पडणं बरं वाटत नसेल, तर हा मेसेज तसाच सोडून द्या. मी पुन्हा विचारणार नाही. आणखी दोघांशी माझं बोलणं चालू आहेच. जमण्यासारखं असेल तर आधी त्यांना विचारा, नंबर लगेच देऊ नका. त्यांना पाठवता येईल असा मजकूर वेगळा पाठवतो आहे."

'तेवढा संपर्क नसेल' हे नकाराचं तयार कारण आहे. ते मीच पुढे केल्यामुळे त्यांना शोधावं लागत नाही, आणि ते खरं की निमित्त हे मला कधी कळणारही नाही. 'तसाच सोडून द्या' म्हणजे गप्प राहणं हेच उत्तर. यामुळे 'नाही' हा शब्द लिहायचं ओझंही उतरतं. 'आणखी दोघांशी' लिहिल्याने माझं सगळं त्यांच्यावरच अडलेलं नाही हे कळतं. पण हे खरं असेल तरच लिहावं. नोकरी मागायची नाही हेही तसंच. फोनवर हळूच बायोडेटा पुढे केलात, तर फसवणूक तुमच्या सहकाऱ्याच्या नावावर जमा होते.

'आधी त्यांना विचारा' हे मात्र लोक हटकून विसरतात. नकार द्यायची सोय पलीकडच्या माणसालाही हवी. न विचारता दोघांना एका ग्रुपमध्ये घातलं, की ते मॅनेजर अडकले. म्हणून वेगळा मजकूर, तोही चार ओळींचा: "मी सात वर्षं पॉवर सप्लायच्या टेस्टिंगमध्ये आहे. चार्जरच्या टेस्टिंगमध्ये यायचं तर नवीन काय शिकावं लागेल, एवढंच विचारायचं आहे. तुमच्या सोयीने पंधरा मिनिटं. वेळ नसेल तर काहीच हरकत नाही." बाईंना स्वतः काही लिहायला लागत नाही, माझी तारीफ करावी लागत नाही. फक्त पुढे पाठवायचं.

असा मेसेज घरी निघायच्या वेळी पाठवावा, म्हणजे लगेच समोरासमोर येणं टळतं. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणा बघत बसू नये. त्यापेक्षा ईमेल बरा, त्यात वाचलं की नाही याचा पत्ता सहसा लागत नाही.

काही जणांना मात्र कितीही मोकळीक ठेवून विचारू नये. ज्याची वार्षिक पगारवाढ तुमच्या शेऱ्यावर ठरते, त्याला तुम्ही कितीही गोड लिहा, तो नाही म्हणू शकत नाही. आणि नोकरी बदलायचा तुमचा विचार साहेबांना माहीत नसेल, तर ओळख मागताना तुम्ही सहकाऱ्याला एक गुपितही सांभाळायला देता. आधीच मोठ्या तंगीत असलेल्या माणसावर ते लादू नये.

बाईंचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: "सध्या नको." मी "बरं, काही हरकत नाही" एवढंच लिहिलं. का, हे विचारलं नाही आणि दुसऱ्या दिवशी चहाला तो विषयही काढला नाही. त्या मात्र चहाला आल्या होत्या.

तुम्ही असा मेसेज लिहाल तेव्हा पाठवण्याआधी एक करून पाहा. समोरच्याच्या जागी बसून त्याला नकाराचं उत्तर लिहायचा प्रयत्न करा. ते दोन-तीन शब्दांत, कुठलंही कारण न देता लिहिता आलं नाही, तर मेसेज पुन्हा लिहा.