व्हॉल्व्ह का उडाला?

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘व्हॉल्व्ह खराब निघाला.’ मग नवा व्हॉल्व्ह आणतात, बसवतात आणि पंधरा दिवसांत तोही उडतो. दुकानदाराला नावं ठेवण्याआधी झाकण उलटं करून पाहिलं तर बहुतेक वेळा गुन्हेगार दुसराच सापडतो. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. ते काम करायची वेळ त्याच्यावर का आली, हे शोधायला हवं.

आमच्या शेजारच्या काकूंचा पाच लिटरचा, आत बसणाऱ्या झाकणाचा कुकर आहे. तळाला पाणी, वर वरणाचा आणि भाताचा डबा. तक्रार अशी की हँडलच्या बाजूने वाफ जाते, शिट्टी लवकर होत नाही आणि झाली तरी फुसकी होते. ‘अगं, पूर्वी तीन शिट्ट्यांत डाळ गळायची, आता सहा केल्या तरी दाणा दाणा राहतो,’ असं काकू सांगत होत्या. त्यावर त्यांनी उपायही शोधला होता: गॅस बारीक करून कुकर जास्त वेळ ठेवायचा. व्हॉल्व्ह उडाला तो त्यामुळेच.

आत काय घडतं ते पाहू. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळतं आणि गॅस कितीही मोठा केला तरी त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो. हवेच्या नेहमीच्या दाबावर दर चौरस सेंटिमीटरला आणखी एक किलोच्या आसपास दाब चढला की पाणी साधारण 120 अंशांना उकळतं. डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे. दाब त्याहून चढू लागला की वाफ शिट्टीचं वजन उचलते, थोडी बाहेर पडते आणि वजन परत खाली बसतं. नळीचं भोक बारीक असतं, म्हणून एवढंसं वजन पुरतं. एका कंपनीची शिट्टी दुसऱ्या कंपनीच्या कुकरवर चालवू नये, तेही याचसाठी. भोकाचं माप बदललं की दाबाचा हिशोब बदलतो.

झाकणावरचा एकूण जोर मात्र थोडाथोडका नसतो. 18 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे अडीचशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्यावर अडीचशे किलोंचा रेटा. आत बसणाऱ्या झाकणात हाच रेटा कामाला येतो. वाफ झाकण वर ढकलते, झाकण रिंगेला कुकरच्या काठाखाली दाबून धरतं आणि दाब वाढेल तसा सांधा घट्ट होतो. सुरुवातीला काठातून थोडी वाफ सुटणं या कुकरात नवल नाही. आच मोठी असेल तर सुटते त्यापेक्षा जास्त वाफ तयार होते, दाब चढतो आणि झाकण बसतं. आच बारीक असेल तर जेवढी वाफ होते तेवढी सुटून जाते आणि झाकण कधीच नीट बसत नाही. काकूंच्या घरी हेच चाललं होतं.

शिट्टी न होता वाफ जात राहिली की तळाचं पाणी संपतं. पाणी आहे तोवर तळ फार तापत नाही, ते संपलं की उष्णता भराभर चढते. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये ठरावीक उष्णतेला वितळणारा मिश्रधातूचा ठिपका असतो. तो वितळतो, भोक मोकळं होतं आणि वाफ सणसणत बाहेर पडते. नळी तुंबली तरी असंच होतं: दाब वाढतो, दाबाबरोबर वाफेची उष्णता वाढते आणि ठिपका वितळतो. थोडक्यात, व्हॉल्व्ह उडण्याची नेहमीची कारणं दोन: आत पाणी नव्हतं किंवा नळीला वाट नव्हती.

म्हणून आधी रिंग पाहिली. ती काढून दोन बोटांत ताणली. चांगली रिंग ताणते आणि सोडल्यावर मूळ आकाराला येते. काकूंची रिंग कडक झाली होती, एका बाजूला चपटी पडली होती आणि वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या. रबर रोज तापून कडक होतं, त्याला इलाज नाही. फ्रीझरमध्ये ठेवल्यावर रिंग एक-दोन दिवस बरी चालते, हा अनेकांचा अनुभव आहे. पण ती उसनवारी झाली. रिंगेला दोरा गुंडाळणं किंवा काठाला कणीक थापणं तर नकोच. रोज दोनदा कुकर लागणाऱ्या घरात वर्षभराने रिंग बदललेली बरी आणि ती त्याच कंपनीची, त्याच मापाची घ्यावी.

नव्या रिंगेनंतरही एका जागी वाफ येतच राहिली. कोरड्या काठावरून बोट फिरवल्यावर तिथे खोलगट चेप लागला. ढवळून झाल्यावर पळी कुकरच्या काठावर टकटक आपटायची सवय घरोघरी असते. अॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे काठाला पोचे पडतात. मग रिंग कितीही नवी असली तरी पोच्याच्या जागी फट राहते. पोचा हलका असेल तर कुकर दुरुस्त करणारा काठ सरळ करून देतो, घरी हातोडी घेऊन बसू नये. बाहेरून लागणाऱ्या झाकणाच्या कुकरात काठाच्या जोडीला हँडलचे सैल स्क्रू आणि झाकणाचे झिजलेले दात पाहावे लागतात.

आता नळी. झाकण उजेडाकडे धरून तिच्यातून आरपार दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर झाडूची हीर घालून, नळाखाली धरून ती मोकळी करावी. डब्यांत शिजवलं तर नळी सहसा स्वच्छ राहते. डाळ थेट कुकरात टाकली की फेस वर येतो आणि त्याबरोबर सालं नळीत अडकतात. म्हणून फेसाळणारे पदार्थ निम्म्याच्या वर भरू नयेत, इतर पदार्थ दोन तृतीयांशापर्यंत चालतात. ज्या कुकरची शिट्टी वेगळी ठेवायची असते, तिथे नळीतून वाफेची सरळ धार आल्यावरच ती ठेवावी. वाट मोकळी असल्याची खात्रीही होते आणि आतली हवाही निघून जाते.

धुताना रिंग आणि शिट्टी दोन्ही काढावीत, पुसून वाळवावीत आणि झाकण घट्ट लावून कुकर फळीवर ठेवू नये, कारण रिंग दबून राहते. तळ काळा पडतो तो पाण्यातल्या क्षारांमुळे. त्याने काही बिघडत नाही. तरी खटकत असेल तर पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंच टाकावी.

व्हॉल्व्ह उडालाच तर आधी गॅस बंद करायचा आणि कुकर पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. नवा व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घेऊन पान्याने घट्ट बसवावा. त्या भोकात खिळा ठोकणं किंवा एम-सील भरणं म्हणजे दाबाची शेवटची सुटका बंद करणं. आणि कुकरचा तळ फुगला असेल, सपाट ओट्यावर तो डुगडुगत असेल, तर रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह काहीही बदलू नका. तो कुकर सरळ मोडीत घाला.