१३८ आणि १८४ मिळून २३०

अकरावीत i² = -१ हे समीकरण फळ्यावर येतं तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: कुठल्याही संख्येचा वर्ग ऋण येत नाही असं कालपर्यंत शिकवलं, मग आज हे काय? उत्तर मिळवायला फळ्यापासून उठून विजेच्या प्रयोगशाळेत जाऊ.

तिथे २३० व्होल्टच्या पुरवठ्याला एक रोध आणि एक कॉइल एकापुढे एक जोडली आहे. रोधाच्या टोकांना व्होल्टमीटर लावला तर तो १३८ दाखवतो आणि कॉइलच्या टोकांना लावला तर १८४. दोन्हींची बेरीज ३२२ होते, पण पुरवठा २३० चाच आहे. मीटर बिघडलेला नाही. चूक आपल्या बेरजेत आहे.

घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. रोधातला दाब प्रवाहाबरोबर चढतो आणि उतरतो. कॉइलचा स्वभाव वेगळा. तिला प्रवाहाशी देणंघेणं नाही, तो बदलण्याशी आहे. प्रवाह शून्यातून जात असतो तेव्हा तो सर्वांत वेगाने बदलतो, त्यामुळे कॉइलवरचा दाब नेमका तेव्हा शिखरावर असतो. म्हणजे तो प्रवाहाच्या पाव आवर्तन, ५ मिलिसेकंद, पुढे धावतो. दोन शिखरं एका वेळी येतच नाहीत, मग त्यांची सरळ बेरीज कशी चालेल? व्होल्टमीटर मात्र दाब किती तेवढंच सांगतो, कधी ते सांगत नाही.

आता i कडे येऊ. ५ ला -१ ने गुणलं की -५ मिळतात. संख्यारेषेवर ही अर्धी गिरकी झाली. मग अशी कोणती कृती आहे, जी दोनदा केल्यावर अर्धी गिरकी पुरी होते? पाव गिरकी! तीच i. पाव गिरकी घेतल्यावर आपण संख्यारेषेवर नसतो, तिच्या काटकोनात उभ्या रेषेवर असतो. वर्गमूळ ‘नाही’ असं वाटत होतं, कारण आपण ते एकाच रेषेवर शोधत होतो. ‘काल्पनिक’ हे नाव देकार्तने १६३७ मध्ये दिलं, त्यात थोडी हेटाळणी होती, आणि दुर्दैवाने तेच चिकटलं.

पाव आवर्तन पुढे धावणाऱ्या दाबाला हे नेमकं लागू पडतं. प्रवाह आणि दाब दोन्ही फिरत्या काट्यांसारखे मानले, तर ते एकाच वेगाने फिरतात आणि त्यांच्यातला कोन कायम राहतो. म्हणून फिरणं बाजूला ठेवून फक्त कोन लिहिला तरी पुरतं. आपल्या मंडलात रोध ३० ओहम, कॉइलचा अडथळा ४० ओहम (तिच्या तारेचा रोध नगण्य धरू). एकूण अडथळा ३० + ४०i. प्रवाह हवा तर साधा भागाकार:

२३० ÷ (३० + ४०i) = २३०(३० − ४०i) ÷ २५०० = २.७६ − ३.६८i

या संख्येची लांबी ४.६ अँपिअर येते, आणि अँमीटरही तेवढंच दाखवतो. ४.६ × ३० = १३८, ४.६ × ४० = १८४, आणि १३८ + १८४i ची लांबी बरोबर २३०. हिशेब जुळला.

पण त्या दोन भागांकडे नीट पाहा. २.७६ अँपिअर दाबाच्या तालात आहेत. तेच काम करतात, २३० × २.७६ म्हणजे सुमारे ६३५ वॅट. उरलेले ३.६८ पुरवठा आणि कॉइल यांच्यात नुसते ये-जा करतात. तरी तारा तापवतात ते पूर्ण ४.६ अँपिअरच. कारखान्यात पॉवर फॅक्टर म्हणतात तो हाच हिशेब: इथे २.७६ ÷ ४.६ = ०.६.

हे सगळं साइन-कोसाइन वापरूनही करता येतं आणि पूर्वी करत असत. पण दर पायरीला त्रिकोणमितीची सूत्रं उलगडावी लागतात. चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत ही संमिश्र संख्यांची पद्धत मांडली. अभियंते i ऐवजी j लिहितात, कारण i हे अक्षर प्रवाहासाठी आधीच अडलेलं होतं. पद्धतीला मर्यादाही आहे: लाट एकाच वारंवारतेची आणि स्थिरावलेली हवी. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणाला ती तशीच लावता येत नाही.

आता त्याच मांडणीत सुमारे ८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. त्याचा अडथळा −४०i, म्हणजे उलट दिशेची पाव गिरकी. ४०i आणि −४०i एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो फक्त ३० ओहम. प्रवाह ७.६७ अँपिअरवर जातो. मग कॉइलवर दाब किती? ७.६७ × ४०, जवळपास ३०७ व्होल्ट. कपॅसिटरवरही ३०७. पुरवठा मात्र २३० चाच! एकाचा +३०७i आणि दुसऱ्याचा −३०७i, त्यांची बेरीज शून्य होते, म्हणून पुरवठ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण २३० च्या लाईनवर २५० चा पुरेल, असं म्हणून कोणी तेवढ्याच क्षमतेचा कपॅसिटर लावला असेल, तर त्याला मात्र तो लागतो.