साडेतीनला सुटायचंच

डायलिसिस सुरू झालेला माणूस कामावर परततो तेव्हा सुपरवायझरकडे बहुतेक वेळा रजा मागतो. आठवड्यातून तीनदा रजा म्हटल्यावर सुपरवायझरला महिन्याचे बारा-तेरा दिवस रिकामी पडलेली मशीन दिसते आणि तिथेच बोलणं थांबतं. पुष्कळदा खरी गरज रजेची नसतेच, ठरलेल्या वेळी गेटबाहेर पडण्याची असते. हा फरक कागदावर मांडता आला, तर नोकरी टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

रक्ताचं डायलिसिस, म्हणजे हिमोडायलिसिस, साधारणपणे आठवड्यातून तीनदा आणि दर वेळी चार तास चालतं. सेंटरमधल्या प्रत्येक मशीनवर दिवसात तीन पेशंट एकामागून एक बसवले जातात: सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. सोमवार-बुधवार-शुक्रवार हा एक गट, मंगळवार-गुरुवार-शनिवार हा दुसरा, आणि रविवारी बहुतेक सेंटरं बंद. एकदा मिळालेला स्लॉट सहजासहजी बदलत नाही, कारण तो बदलायला दुसऱ्या कुणाचा तरी स्लॉट मोकळा व्हावा लागतो. कारखान्यातली शिफ्ट मात्र दर आठवड्याला फिरते. एक घड्याळ जागचं हलत नाही आणि दुसरं सतत फिरतं, सगळी अडचण इथून सुरू होते.

चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. इन्स्पेक्शन विभागात नऊ माणसं आहेत आणि प्रत्येक शिफ्टला तिघं. फर्स्ट शिफ्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, थर्ड बारा ते सात. त्यातल्या एकाला, वय चाळिशीच्या पुढे आणि वजन 60 किलो, डायलिसिस लागलं आहे. पुणे-पिंपरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांप्रमाणे इथेही साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.

त्यामुळे याने सेंटरमध्ये मंगळवार-गुरुवार-शनिवारचा गट मागावा, म्हणजे तीनपैकी एक सेशन सुट्टीच्या दिवशीच पडतं. आठवड्याचा विसावा जातो, ही किंमत लहान नाही, पण कामाचे तास वाचतात. उरले मंगळवार आणि शनिवार. सकाळचा स्लॉट घेऊन सेकंड शिफ्ट केली तर शुक्रवारी मध्यरात्री सुटून शनिवारी पहाटे सेंटर गाठावं लागेल, आणि मशीनवरून उतरल्यावर थकलेल्या अंगाने पुन्हा बारापर्यंत उभं राहावं लागेल. त्याऐवजी कायम फर्स्ट शिफ्ट आणि संध्याकाळचा स्लॉट घेतला, तर साडेतीनला सुटून साडेचारला मशीनवर बसता येतं. साडेआठला डायलिसिस संपतं. सुया काढून, जागा दहा-पंधरा मिनिटं दाबून धरून, रक्त थांबल्याची खात्री करून घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात. रात्र लहान होते, पण आठवड्याच्या 48 तासांतला एकही तास बुडत नाही. म्हणून सुपरवायझरसमोर पहिलं वाक्य हे असावं: “साहेब, मला सुट्ट्या नकोत, फर्स्ट शिफ्ट कायम हवी आहे.”

यावर साहेब जे म्हणतील ते त्यांच्या जागी रास्तच असेल. “तुम्हाला फर्स्ट कायम दिली तर बाकीचे ऐकतील का?” हा प्रश्न येणार हे धरून आधीच हिशेब करून न्यावा. आज नऊ जण तीन शिफ्टमध्ये फिरतात, म्हणजे प्रत्येकाला दर तीन आठवड्यांत एकदा फर्स्ट मिळते. एक जण कायम फर्स्टला राहिला की त्या शिफ्टच्या दोन जागा उरतात आणि त्या आठ जणांत वाटायच्या असतात. मग प्रत्येकाची फर्स्ट तीनऐवजी चार आठवड्यांतून एकदा येते. आठ माणसांवर वाटलेला एवढा भार सहसा पेलता येतो. पण विभागात तीनच माणसं असतील, तर उरलेल्या दोघांना फर्स्ट कधीच मिळणार नाही, फक्त सेकंड आणि थर्ड आलटून पालटून. अशा ठिकाणी ही मागणी धरून बसणं मला चुकीचं वाटतं. तिथे मोठ्या विभागात बदली किंवा जनरल शिफ्टचं काम मागावं.

जनरल शिफ्टचं गणितही सुटतं. नऊ ते साडेपाचच्या शिफ्टमधून मंगळवारी आणि शनिवारी दोन तास लवकर निघायचं, म्हणजे चार तास कमी पडतात. ते उरलेल्या चार कामाच्या दिवशी एकेक तास जास्त बसून भरून निघतात: चार दिवस नऊ तास, दोन दिवस सहा तास, एकूण 48.

फर्स्ट शिफ्ट मंजूर झाली म्हणून काम झालं असं मात्र नाही. ठरलेली व्यवस्था बहुतेक वेळा मोडते ती दुपारी साडेतीनला. रिलिव्हर आलेला नसतो, गाडी लोड व्हायची असते, आणि साहेब म्हणतात, “तासभर थांबा ना.” कारखान्यात हा रोजचा शब्द आहे आणि त्यात वाईट हेतू नसतो. पण पुढे काय होतं ते पाहा. साडेचारचा माणूस साडेपाचला पोहोचतो. शेवटच्या पाळीच्या टेक्निशियनला मशीन धुऊन, निर्जंतुक करून सेंटर बंद करायचं असतं, म्हणून चारऐवजी तीन तासांचं डायलिसिस होतं.

या एका तासाची किंमत शरीर कशी मोजतं, हे साध्या भागाकाराने कळतं. लघवी जवळजवळ बंद झालेली असल्याने प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. समजा दोन सेशनच्या मध्ये वजन 2.4 किलोने वाढलं, म्हणजे 2400 मिलिलिटर पाणी काढायचं आहे. साठ किलोच्या माणसाच्या अंगातून ते चार तासांत काढलं तर वेग पडतो तासाला किलोमागे 10 मिलिलिटर. तेच तीन तासांत काढलं तर 13 च्या थोडा वर. हा वेग 13 च्या पुढे गेलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. त्या संध्याकाळी मशीनवर काय होतं ते रुग्ण लगेच सांगतो: पोटऱ्यांत गोळे येतात, रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे टाळायला पाणी कमी काढलं, तर ते अंगात राहतं, रात्री आडवं झाल्यावर दम लागतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामावर येऊ शकत नाही. साहेबांनी वाचवलेला तास दुसऱ्या दिवशीच्या आठ तासांवर येऊन पडतो. सुपरवायझरला हे एवढंच, याच आकड्यांत सांगावं. आजाराचं वर्णन ऐकून त्याला दया येईल, हा हिशेब पाहून तो रिलिव्हरची सोय करेल.

म्हणून अट नेमकी मागावी: मंगळवारी आणि शनिवारी साडेतीनला सुटणं पक्कं, त्या दिवशी ओटी नाही, आणि रिलिव्हर न आल्यास मशीन कुणाकडे सोपवायची त्याचं नाव आधी ठरलेलं. बदल्यात द्यायलाही काही असावं. बुधवार आणि शुक्रवार हे डायलिसिसनंतरचे दिवस. रात्री उशीर झाला तरी पुष्कळांना याच दिवशी अंग हलकं वाटतं. तसं असेल तर या दोन दिवशी गरज पडल्यास अर्धा-एक तास थांबायची तयारी दाखवता येते.

सोमवार आणि मंगळवारी मात्र सांभाळावं लागतं. शनिवारी संध्याकाळनंतरचं पुढचं डायलिसिस थेट मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे मध्ये जवळजवळ तीन दिवसांची खोट. आठवड्यातली हीच सर्वांत लांब फट. अमेरिकेतल्या तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या लांब फटीनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने दवाखान्यात भरती होणं इतर दिवसांपेक्षा जास्त आढळलं. त्यामुळे या दोन दिवशी भट्टीजवळचं किंवा उन्हातलं काम नको. उष्णतेने तहान लागते, तहानेने पाणी जास्त जातं आणि मंगळवारच्या भागाकारातला वरचा आकडा फुगतो. इन्स्पेक्शन टेबलावर बसून करायचं काम या दिवसांना लावून घ्यावं. फिस्तुला असलेल्या हाताने जड बिन उचलायची नाही आणि धारदार कडांचे भाग हाताळताना तो हात झाकायचा, हे मात्र सगळ्याच दिवसांचं.

यासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि बहुतेक पत्रं इथे कमी पडतात. “रुग्णास विश्रांतीची गरज आहे” या ओळीवर कोणताही सुपरवायझर वेळापत्रक लावू शकत नाही. पत्रात वार, सेशनची वेळ, चार तासांचा कालावधी, उपचार पुढेही सुरूच राहणार असल्याचा उल्लेख, आणि रात्रपाळी नको, अमुक हाताने वजन नको हे स्पष्ट हवं. क्रिएटिनिनचे रिपोर्ट द्यायची गरज नाही. सेंटरकडून स्लॉटचं वेगळं पत्र घ्यावं. दोन्हींची एक प्रत सुपरवायझरला, एक एचआरला, आणि पोच घेतलेली एक आपल्याजवळ. सुपरवायझर बदलला की तोंडी ठरलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं.

हे सगळं राजीखुशीने ठरवायचं, कारण कायद्याचा आधार तोकडा आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा आहे. त्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत मूत्रपिंड निकामी होणं नाही, त्यामुळे त्या कायद्याखाली खासगी कंपनीकडून वेळेची सवलत हक्काने मागता येत नाही. ईएसआयचा आधार आहे, पण तो उपचाराचा आणि आजारपणातल्या भत्त्याचा. ज्यांचं ईएसआय कार्ड आहे त्यांच्यासाठी तर नोकरी आणि उपचार एकाच दोरीला बांधलेले असतात. वर्गणी थांबली की काही काळाने उपचाराचा हक्कही संपतो. अशा माणसाने चिडून राजीनामा देण्यापूर्वी ईएसआय दवाखान्यात जाऊन आपला हक्क कधीपर्यंत आहे ते लिहून घ्यावं.

बोलणी कधी करावी, हेही महत्त्वाचं. डायलिसिस सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यांत नाही. तेव्हा मानेत कॅथेटर असतो, वजनाचं लक्ष्य ठरलेलं नसतं, आणि फिस्तुला केला तरी तो वापरण्याजोगा व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. तो काळ आजारपणाच्या रजेत काढावा. शरीराचा अंदाज आला, स्लॉट पक्का झाला, की एक महिन्याचा प्रयोग मागावा. कायमचा निर्णय द्यायला कचरणारा सुपरवायझर महिनाभरासाठी सहसा हो म्हणतो.

त्या महिन्यात एक वही ठेवावी. मंगळवारी आणि शनिवारी गेटबाहेर किती वाजता पडलो, मशीनवर किती वाजता बसलो, किती तास डायलिसिस झालं, आधीचं आणि नंतरचं वजन किती, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी लागली का. महिन्याअखेरी साहेबांसमोर ही वही उघडावी. सुटायला उशीर झालेल्या तारखा आणि चार तास पूर्ण न झालेल्या तारखा एकच निघाल्या, तर पुढच्या महिन्यासाठी रिलिव्हरचं नाव वेळापत्रकात छापून घ्यावं. वेळेवर सुटूनही सेशन अपुरं पडत असेल, तर अडचण सेंटरच्या बाजूची आहे. मग दुसऱ्या स्लॉटसाठी तिथल्या इन्चार्जकडे नाव नोंदवून ठेवावं आणि स्लॉट मिळाला की शिफ्टचं गणित साहेबांबरोबर पुन्हा मांडावं.