रिपोर्टवर ‘नॉर्मल’, तरी डोस वेगळा

समजा, सहा वर्षांची एक मुलगी आहे. उंची ११० सेंटीमीटर, वजन १८ किलो. जन्मापासून लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढत असल्यामुळे तिची दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू खराब होत आली आहेत. आता लघवीच्या मार्गात पुन्हा जंतुसंसर्ग होऊन ताप चढला आहे. रक्तातलं क्रिएटिनिन १.२ आलं. बऱ्याच रिपोर्टांवर शेजारी मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, आणि तिच्यात १.२ सहज बसतं. आईवडील निर्धास्त होतात. धोका नेमका इथेच आहे.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. एवढ्याशा मुलीचे स्नायू ते किती तयार करणार? या वयात साधारण अर्धा मिलीग्रॅमच्या आसपासचा आकडा अपेक्षित असतो. म्हणून बालमूत्रपिंडतज्ज्ञ उंचीही हिशेबात घेतात. २००९ पासून रूढ झालेलं श्वार्ट्झ यांचं सोपं सूत्र असं आहे:

eGFR = 0.413 × उंची (सेंमी) ÷ क्रिएटिनिन (मिग्रॅ/डेलि)

०.४१३ गुणिले ११० म्हणजे सुमारे ४५.४. त्याला १.२ ने भागलं की ३८ येतात. निरोगी मुलात हा आकडा ९० च्या वर असतो. म्हणजे ‘नॉर्मल’ रिपोर्टच्या या मुलीची गाळण्याची क्षमता निम्म्याहूनही कमी उरली आहे.

तिला मेरोपेनेम द्यायचं ठरलं, तर किलोमागे २० मिलीग्रॅम या हिशेबाने एक डोस ३६० मिलीग्रॅमचा होतो. एरवी तो दर आठ तासांनी देतात. मात्र हे औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. गाळण २६ ते ५० मध्ये असेल तर डोस तोच ठेवून अंतर बारा तासांचं करण्याची पद्धत आहे. त्याहून खाली गेली तर डोसही निम्मा होतो. हे केलं नाही तर औषध साठत जातं आणि झटके येण्याचा धोका वाढतो. पहिला डोस मात्र पूर्णच द्यावा लागतो. रक्तात औषध पुरेसं पोचायला हवं आणि तिथे मूत्रपिंडाचा फारसा संबंध नसतो. भीतीपोटी तोच कमी केला, तर संसर्ग आटोक्यात येत नाही.

हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असतानाच खरं बोलतं. दुसऱ्या दिवशी ते १.९ झालं तर उत्तर २४ येईल. पण क्रिएटिनिन अजून चढत असेल, तर प्रत्यक्ष गाळण त्याहून कमी असते, कारण रक्तातला आकडा मागून वाढत येतो. फार कृश मुलातही सूत्र फसतं: स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी, आणि मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही चाचणी उपयोगी पडते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नाही. अमिकासिनसारख्या औषधाला तर सूत्र फक्त सुरुवात करून देतं. पुढचा डोस कधी द्यायचा, हे रक्तातली त्याची पातळी मोजूनच ठरवतात.