तीन विधाने, तीन स्वतंत्र निकाल

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेतील राज्यघटनेचे प्रश्न पुस्तक पाठ असूनही चुकतात, आणि चुकीचे मूळ बहुधा वाचण्याच्या क्रमात असते. सरावासाठी मी बनवलेला हा प्रश्न पाहा.

1. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेचे नामनिर्देशित सदस्य मत देऊ शकत नाहीत.
2. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य मतदान करतात.
3. राष्ट्रपतींवरील महाभियोगाच्या ठरावावर संसदेचे नामनिर्देशित सदस्य मत देऊ शकतात.

पर्याय हाताने झाका आणि पहिले विधान असे वाचा, जणू प्रश्नात तेवढेच आहे. कलम 54 नुसार राष्ट्रपतींना निवडणाऱ्या मंडळात संसदेचे आणि विधानसभांचे फक्त निर्वाचित सदस्य असतात. राज्यसभेतले 12 नामनिर्देशित सदस्य त्यात नाहीत. आपल्या महाराष्ट्राच्या विधान परिषदेचे आमदारही नाहीत, मग ते निवडून आलेले का असेनात, कारण कलमात फक्त विधानसभा आहे. विधान बरोबर. समोर खूण करा आणि ते सोडून द्या.

दुसऱ्या विधानात पद बदलले, म्हणून कलमही बदलायला हवे. कलम 66 सांगते की उपराष्ट्रपतींना संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य निवडतात. तिथे ‘निर्वाचित’ हा शब्दच नाही, त्यामुळे नामनिर्देशित सदस्य मत देतात आणि आमदारांचा संबंध येत नाही. विधान चूक.

खरा खड्डा तिसऱ्यात आहे. पहिले विधान नुकतेच वाचलेले असते, त्यामुळे ‘राष्ट्रपती म्हटले की नामनिर्देशितांना मत नाही’ ही ओळ डोक्यात घोळत राहते आणि विद्यार्थी इथेही ‘चूक’ म्हणून मोकळा होतो. पण महाभियोग ही निवडणूक नव्हे. तो कलम 61 खाली चालतो आणि तिथे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमत लागते. एकूण सदस्यांत नामनिर्देशितही आले. विधान बरोबर. पहिल्या विधानाचा निकाल तिसऱ्याला लावला, की घात होतो.

आता पर्यायांवरचा हात काढा. जुन्या धर्तीवर ते असे असतील: फक्त 1 आणि 2, फक्त 2, फक्त 1 आणि 3, तिन्ही. दुसरे विधान चूक आहे एवढे पक्के माहीत असणाऱ्याला तिसरे वाचायचीही गरज पडत नाही. 1 आणि 3 हा एकच पर्याय उरतो. ही पद्धत वाईट नाही. पण तिसरे विधान चूक धरून बसलेल्या विद्यार्थ्याचे काय होते? पर्यायांत ‘फक्त 1’ नाही. मग तो ‘1 आणि 2’ कडे वळतो आणि ज्या दुसऱ्या विधानाबद्दल आधी शंका होती, तेच आता त्याला खरे वाटू लागते. विधानांवरून पर्याय ठरवायचा सोडून तो पर्यायावरून विधान ठरवतो. म्हणून विधानाशेजारची खूण आधी हवी: बरोबर, चूक किंवा प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हालाही मान द्या. ते पुसून ‘बरोबर’ करण्याचा अधिकार पर्यायांना नाही.

2023 पासून आयोगाने ‘फक्त एक’, ‘फक्त दोन’, ‘तिन्ही’, ‘एकही नाही’ असे पर्याय मोठ्या प्रमाणावर दिले. इथे जोडीवरून काट मारता येत नाही, प्रत्येक विधानाचा निकाल स्वतःच लावावा लागतो. तीनपैकी एकाच विधानाबद्दल शंका असेल, तर उत्तर दोन शेजारच्या संख्यांपैकी एक असते. बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकीला 0.66 वजा, हा हिशेब पाहता अशा वेळी उत्तर देणे परवडते.

या पर्यायांतला एक धोका सहसा लक्षात येत नाही. वरचाच विद्यार्थी पाहा: त्याने 1 आणि 2 बरोबर, 3 चूक ठरवले. म्हणजे त्याच्या दोन चुका झाल्या. तरीही त्याची बेरीज दोन येते आणि खरे उत्तरही ‘फक्त दोन’च आहे! सराव परीक्षेत त्याला पूर्ण 2 गुण मिळतात आणि कलम 61 व 66 बद्दलचा गैरसमज तसाच पुढच्या पेपरात जातो.

म्हणून सराव पेपर तपासताना मी विद्यार्थ्यांना उत्तराचा क्रमांक जुळवू देत नाही. वहीत प्रत्येक विधानापुढे दोन रकाने असतात: परीक्षेत केलेली खूण आणि कलम उघडून मिळालेला निकाल. गुण मिळालेल्या प्रश्नातही हे दोन रकाने जुळले नाहीत, तर त्या विधानाखाली लाल रेघ ओढली जाते आणि ते कलम त्याच संध्याकाळी पुन्हा वाचले जाते.