हाताचा वॉर्मर बुटात घातला तर गार का पडतो? थंडीत तासनतास उभं राहताना 'हीट पॅक' कसे वापरायचे?

डिसेंबरमधल्या वसई-विरार मॅरेथॉनला पहाटे रस्त्याकडेला उभं राहायचं असेल, तर स्वेटर आणि कानटोपी पुरते. पण वसईहून २६ जानेवारीची परेड पाहायला दिल्लीला जाणाऱ्यांचं काय? तिथे परेड साडेदहाला सुरू होते, पण तपासणीसाठी खूप आधी पोहोचावं लागतं. जानेवारीत दिल्लीची पहाट अनेकदा ५ ते ८ अंशांची असते. अशा वेळी आधी गारठतात ती पावलं.

पॅक गरम कसा होतो?

एकदाच वापरायच्या पॅकमध्ये लोखंडाची पूड, मीठ, पाणी आणि कोळशाची भुकटी असते. पाकीट फोडलं की हवेतला ऑक्सिजन आत जातो, लोखंड गंजू लागतं आणि उष्णता बाहेर पडते. म्हणजे हवा नाही, तर उष्णताही नाही.

म्हणूनच हाताचा पॅक बुटात गार पडतो. पायाचे पॅक कमी हवेत चालतील असे बनवलेले असतात. उलट, पायाचा पॅक मोकळ्या हवेत हातात धरला तर तो जास्त तापू शकतो. त्यामुळे दोन्ही वेगळे घ्या.

पुन्हा वापरता येणारे पॅक चालतील का?

पारदर्शक द्रवात धातूची चकती असलेला पॅक सोडियम अ‍ॅसिटेटचा असतो. चकती दाबली की द्रव गोठतो आणि साधारण ५४ अंशांपर्यंत तापतो. पण लहान पॅकची ऊब अर्धा-पाऊण तासच टिकते, आणि तो पुन्हा वापरण्यासाठी उकळत्या पाण्यात पूर्ण वितळवावा लागतो. रांगेत ते शक्य नाही. बॅटरीचा वॉर्मर नेण्याआधी प्रवेशपत्रावरची मनाई असलेल्या वस्तूंची यादी वाचा.

कसं वापरायचं?

समजा, सात वाजता रांगेत लागायचं आहे. मग साडेसहाला, बूट घालण्याआधी पाकीट फोडा आणि पॅक काही मिनिटं हवेत ठेवा. चिकटपट्टीचा पॅक मोज्याच्या बाहेरून, बोटांजवळ लावा. बोटं हलवता आली पाहिजेत. घट्ट बुटात रक्तही कमी फिरतं आणि हवाही अडते. पायाचे पॅक साधारण पाच-सहा तास टिकतात, म्हणजे दुपारपर्यंत एक जोडी पुरते. थंड फरशीवर उभं राहायचं असेल तर पायाखाली पुठ्ठा घ्या, नाहीतर उष्णता जमिनीत जाते.

हाताचा पॅक मध्येच नको झाला तर हवाबंद झिपच्या पिशवीत घाला. हवा तुटली की तो थांबतो, आणि बाहेर काढल्यावर पुन्हा तापतो.

धोका कुठे?

पॅक थेट त्वचेवर लावू नका. फार गरम न वाटणाऱ्या पॅकनेही काही तासांत भाजू शकतं. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी ते बुटात वापरूच नयेत, कारण भाजलेलं कळत नाही. बाकीच्यांनी चटका किंवा टोचल्यासारखं वाटताच बूट काढून पाहावा. पॅक लावून झोपायचं नाही, अगदी परतीच्या गाडीतही.